‘आई असं करायची नाही’ : दुसऱ्या लग्नातल्या तुलनेचं एक प्रकरण

हे प्रकरण एकाच घराचं नाही. पुनर्विवाहानंतर समुपदेशनाला येणाऱ्या कुटुंबांमध्ये ज्या गोष्टी पुन्हापुन्हा दिसतात, त्या एकत्र करून ते उभं केलं आहे. त्यामुळे कुणाचीही नावं दिलेली नाहीत.

नाशिकमधलं घर. नवरा ४२ वर्षांचा, औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत सुपरवायझर. पहिली बायको ११ वर्षांच्या संसारानंतर कॅन्सरने गेली, तेव्हा मुलगी ९ वर्षांची होती आणि मुलगा ३ वर्षांचा. अडीच वर्षांनी विवाह मंडळातून दुसरं लग्न झालं. दुसरी बायको ३७ वर्षांची, घटस्फोटित, मूल नाही, माहेर चिपळूणचं, बँकेत नोकरी. घरात सासूबाई. मुलांची आजी, म्हणजे पहिलीची आई, रिक्षाने १५ मिनिटांवर राहते आणि मुलं शनिवारी तिच्याकडे जातात.

लग्नाला ७ महिने झाल्यावर दोघं समुपदेशकाकडे आली. तिचं म्हणणं एका वाक्यात होतं : “या घरात मी काहीही केलं तरी आधी ताईंशी माप लावलं जातं.” त्याचं म्हणणं असं, की मी तर कधीच तुलना करत नाही, मुलं लहान आहेत, आईचं वय झालंय, हिने थोडं सोडून द्यायला शिकावं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होती.

पहिलं काम वहीचं दिलं. १४ दिवस तिने प्रत्येक तुलना लिहायची : कोण बोललं, नेमके शब्द काय, आणि त्याच्या लगेच आधी काय घडलं होतं. यातला तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक जण तोच लिहायला विसरतात. म्हणून रोज झोपण्यापूर्वी ५ मिनिटं काढून तो भरायचा असं ठरवून घेतलं. १४ दिवसांत २६ नोंदी झाल्या. त्यातल्या ११ सासूबाईंच्या, ७ मुलीच्या, २ नवऱ्याच्या. उरलेल्या ६ नोंदींमध्ये कुणीच काही बोललं नव्हतं. कपाटात घडी घातलेला रुमाल दिसला, नवरा जेवताना गप्प बसला, भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं, आणि तुलना तिच्याच मनात झाली होती.

ही वही पाहिली की एक गोष्ट लगेच कळते. ‘सतत तुलना’ असं आपण म्हणतो ती एक गोष्ट नसतेच. चार माणसांची चार वेगळी दुखणी एकाच वाक्यातून बाहेर पडतात. सगळ्यांना एकच उत्तर द्यायला गेलं, की एकालाही ते लागू पडत नाही.

सासूबाईंपासून सुरुवात केली, कारण त्यांच्या नोंदी सर्वांत जास्त होत्या. त्यांच्या ११ पैकी ९ नोंदी स्वयंपाकघरातल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा आमटीवरून. या घरात आमटीला चिंच-गूळ आणि गोडा मसाला. चिपळूणच्या मुलीचा हात आपसूक आमसुलाकडे आणि ओल्या खोबऱ्याकडे जायचा. पहिल्या घासालाच सासूबाई म्हणायच्या, “तिच्या हाताला चव होती.” नव्या सुनेने तीन आठवडे चिंच-गुळाची आमटी करून पाहिली. तरी वाक्य तेच, फक्त आता “गूळ जरा जास्तच झाला” हे वर.

इथेच बहुतेकांची चूक होते. तक्रार चवीची आहे असं धरून चव सुधारण्याच्या मागे लागलं जातं. या बाईंनी केमोथेरपीच्या काळात सुनेची दीड वर्षं सेवा केली होती. डबे, दवाखाना, रात्रीची जागरणं. ती गेल्यावर भेटायला आलेल्यांनी मुलाचं सांत्वन केलं, नातवंडांना जवळ घेतलं, पण “तुमची सून गेली” असं त्यांना कुणी म्हटलं नाही. स्वयंपाकघर ही त्या दोघींची जागा होती आणि तिथे उभं राहिलं की त्यांना तीच आठवायची. त्यांची तुलना म्हणजे दुःखच होतं. त्याला बोलायला दुसरी वाट मिळालेली नव्हती.

म्हणून नव्या सुनेला एवढंच सुचवलं, की पुढच्या वेळी आमटीबद्दल काही बोलू नका. म्हणा, “आई, तुम्हाला ताईंची आठवण येते ना?” आणि मग थांबा. तिने हे तिसऱ्या दिवशी करून पाहिलं. सासूबाई ओट्याला टेकून अर्धा तास बोलल्या, त्यात आमटीचा विषय कुठेच नव्हता. सोबत एक व्यवहारही ठरला. आठवड्यातले दोन दिवस आमटी सासूबाईंनी त्यांच्या पद्धतीने करायची, बाकीचे दिवस सुनेने तिच्या पद्धतीने, आणि कोणत्या दिवशी कुणाची आमटी हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. आमसुलाची आमटी ही चिंच-गुळाची बिघडलेली आमटी नाही, ती वेगळीच आमटी आहे, हे दिवस वेगळे केल्यावर आपोआप ठरतं. रोज एकाच भांड्यात दोघींची चव जमवायचा प्रयत्न चालू राहिला असता, तर रोज एकीचा पराभव झाला असता.

मुलीचं प्रकरण याहून नाजूक होतं. तिच्या ७ नोंदींचा तिसरा रकाना पाहिला, तर ४ नोंदी शनिवारी संध्याकाळी आजीकडून परतल्यानंतरच्या होत्या. उरलेल्या तिन्हींच्या आधी बाबा म्हणाला होता, “आता आईला विचार.” म्हणजे नव्या बाईला. त्याने लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून दोन्ही मुलांना ‘आई’ म्हणायला लावलं होतं. मुलगा सहज म्हणू लागला. मुलीने सात महिन्यांत तिला कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. “अगं”, “ऐक ना”, किंवा थेट जवळ येऊन उभं राहणं.

मूल हाक मारायचं टाळतं तेव्हा त्याला उद्धट समजू नये. त्या मुलीपुढे हिशोब साधा होता : हिला ‘आई’ म्हटलं, तर माझी आई आणखी थोडी मरते. आजीकडून आल्यावर हा हिशोब जास्त टोचायचा, कारण तिथे आईचे कपडे होते, आईच्या गोष्टी होत्या आणि डोळे पुसणारी आजी होती. तिथून येऊन नव्या बाईशी हसून बोलणं तिला फितुरीसारखं वाटायचं. “आई असं करायची नाही” हे वाक्य बहुतेक वेळा नव्या बाईला उद्देशून नसतंच. गेलेल्या आईला दिलेली ती खूण असते, की मी तुला विसरले नाही.

बाबाने सक्ती मागे घेतली. त्याने मुलीला बाजूला बसवून सांगितलं, “तुझी आई ती एकच. हिला काय म्हणायचं ते तू ठरव, वेळ लागला तरी चालेल.” हे वाक्य बापाच्याच तोंडून यावं लागतं. नव्या आईने कितीही मनापासून म्हटलं, तरी तिच्या तोंडी ते उपकारासारखं ऐकू येतं. मावशी म्हणावं तर सख्खी मावशी होती, काकू फार परकं. सहा आठवड्यांनी मुलीने ‘माई’ हा शब्द काढला. शनिवारी परतल्यावर जेवणापर्यंतचा तास मोकळा ठेवायचा, अभ्यास किंवा कामं काढायची नाहीत, असंही ठरलं. या एका बदलाने शनिवारच्या नोंदी निम्म्या झाल्या.

पण यापूर्वी एक जखम झालेली होती, आणि ती न उघडता पुढे जाता येत नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत नव्या बाईने कपाट आवरताना नवऱ्याला विचारलं होतं, ताईंच्या साड्यांचं काय करू? तो टीव्ही बघत म्हणाला, “तुला हवं ते कर.” तिने चार चांगल्या साड्या बाजूला ठेवल्या, उरलेल्या घरकामाच्या बाईंना दिल्या. आठ दिवसांनी मुलगी शाळेतून आली, तर त्या बाई आईची मोरपंखी साडी नेसून जिन्यात उभ्या होत्या. त्या रात्री मुलगी जेवली नाही. “तू आमच्या घरातून आईला काढून टाकलंस,” एवढंच म्हणाली.

वरवर पाहता चूक बायकोची दिसते. प्रत्यक्षात निर्णय नवऱ्याचा होता आणि तो त्याने घेतलाच नव्हता, तिच्याकडे ढकलला होता. पुनर्विवाहात हे फार वेळा घडतं. पहिल्या जोडीदाराच्या वस्तूंना हात लावणं विधुराला स्वतःला सोसत नाही, म्हणून तो मोकळीक दिल्यासारखं दाखवून ते काम नव्या माणसाच्या अंगावर टाकतो, आणि घर त्या माणसाला दोषी धरतं. म्हणून माफी नवऱ्याने मागितली, मुलीची, सगळ्यांसमोर. साडी परत मागायला कुणी गेलं नाही, ते त्या बाईंवर अन्याय करणारं झालं असतं. उरलेल्या चार साड्यांपैकी दोन मुलीने निवडून ठेवल्या आणि दोन साड्यांची गोधडी शिवून घेतली. शिवणारी आजीच्या ओळखीची होती, कापड कसं जोडायचं ते मुलीने सांगितलं. ती गोधडी मुलीच्या पलंगावर असते.

वस्तूंबाबतचा क्रम इथे लिहून ठेवण्यासारखा आहे. लग्नानंतर पहिलं वर्ष काहीच हलवायचं नाही, फक्त नव्या माणसासाठी एक पूर्ण कपाट आणि ओट्याचा एक कप्पा मोकळा करून द्यायचा, आणि तो लग्नाआधीच. नंतर वस्तू काढायच्या त्या पहिल्या नात्यातल्या माणसांनी, मुलांना विचारून. नव्या जोडीदाराने त्या दिवशी घरी नसलेलंच बरं. अपवाद एकच, नवरा-बायकोची झोपायची खोली. तिथे पहिलीचा हार घातलेला फोटो होता, अगदी पलंगासमोर. तो पहिल्याच महिन्यात हलायला हवा होता. तो आता दिवाणखान्यात आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. फोटो कपाटात गेला असता तर मुलीने दुसरा आणून लावला असता.

या सगळ्यामागचं सूत्र एकच आहे. गेलेल्या बाईला घरात ठरलेली जागा दिली, तर ती घरभर पसरत नाही. फोटो, गोधडी, आजीकडचा शनिवार, आणि वर्षातून एक दिवस. तो दिवस म्हणजे भाद्रपद वद्य नवमी, अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात. पहिल्या वर्षी हा सगळा स्वयंपाक नव्या सुनेने एकटीने केला होता आणि जेवताना बोलणं फक्त ‘तिला काय आवडायचं’ याचंच. तिच्या वहीत नसलेली, पण सगळ्यात खोल रुतलेली आठवण ती होती. दुसऱ्या वर्षी बापलेकीने मिळून खीर-पुरी केली, आजीला बोलावलं, सासूबाईंनी बाकीचं पाहिलं. माईकडे कुठलंही काम नव्हतं. ती पंगतीला बसून जेवली. ज्या दिवशी घर शोक करतं, त्या दिवशी नव्या माणसाची परीक्षा नसावी.

शिस्तीचा मुद्दा मुलीच्या तुलनेशीच जोडलेला होता. माई सहाला घरी यायची, बाबा साडेआठला. मधले अडीच तास अभ्यास, मोबाइल, दूध, भांडणं सगळं तिच्या वाट्याला. ती ओरडली, की तुलना तयार. इथे बदल असा केला : नियम बाबाने ठरवायचे, रविवारी सगळ्यांसमोर सांगायचे आणि फ्रिजवर लिहून लावायचे. माईने फक्त आठवण द्यायची, “बाबांनी मोबाइल सात ते आठ सांगितलाय.” मोडलं तर वाद घालायचा नाही, शिक्षा करायची नाही, रात्री बाबाला सांगायचं आणि बाबाने त्याच रात्री बोलायचं. तो दमून आला म्हणून विषय उद्यावर गेला, की ही व्यवस्था दोन आठवड्यांत कोसळते. इथेही एकदा कोसळली आणि पुन्हा उभी करावी लागली. सावत्र पालकाने पहिली एक-दोन वर्षं घरातल्या मोठ्या आत्येसारखं राहावं. जवळीक आधी, दटावणं नंतर. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे मात्र कुणाची वाट पाहायची नसते.

नवऱ्याच्या नोंदी दोनच होत्या आणि त्या किरकोळ होत्या. त्रास त्याच्या गप्प बसण्याचा होता. तिचा पहिला नवरा रागावला की आठवडाभर बोलायचा नाही, त्यामुळे या नवऱ्याची शांतता तिला धोक्याची वाटायची आणि ती त्यात स्वतःच ‘ताई’ भरायची. वहीतल्या त्या ६ नोंदींपैकी काही इथल्या. जेवताना काय विचार चालू होता हे विचारलं, तर तो म्हणाला, दोनदा तरी कंपनीतल्या मशीनचा. उपाय साधाच ठेवला. रात्री मुलं झोपल्यावर २० मिनिटं दोघांनी बसायचं. मुलं, सासूबाई, खर्च हे विषय त्यात नाहीत. शांतता खटकली की तिने त्याच दिवशी विचारायचं, “हे गप्प बसणं माझ्यावरचं आहे का?” त्याने हो किंवा नाही एवढंच सांगायचं, पण खरं. पुनर्विवाहित कुटुंबांवर दीर्घकाळ काम केलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाऊ यांनी सावत्र पालकाच्या या अवस्थेला ‘बाहेरचा माणूस’ म्हटलं आहे : आई-मूल किंवा बाप-मूल आधीपासून आत असतात आणि नवा माणूस दारात उभा असतो. ही २० मिनिटं म्हणजे दिवसातला तो वेळ, जेव्हा ती आत असते.

आणखी एक गोष्ट फक्त दोघांच्या बैठकीत केली. त्याला विचारलं, पहिल्या संसारात भांडण कशावरून व्हायचं? त्याला पाच मिनिटं काही आठवेना. आजारपणाच्या दीड वर्षाने आधीची नऊ-साडेनऊ वर्षं झाकून टाकली होती. मग आठवलं : त्याचं उशिरा येणं, तिचं दर उन्हाळ्यात माहेरी महिनाभर राहणं, गाडी घ्यायची की नाही. नव्या बायकोला पहिल्यांदा कळलं, की ताईही चिडायच्या. हा प्रश्न जपून वापरावा लागतो. गेलेल्या माणसाचे दोष काढणं हा त्याचा हेतू नाही, आणि मुलांसमोर तर तो विषय कधीच नको. पहिला जोडीदार हयात असेल, घटस्फोट झालेला असेल, तर हा प्रश्न उपयोगाचाही नाही. तिथे दोष आधीच भरपूर बोलले गेलेले असतात आणि मुलं दोन्ही घरांत ये-जा करत असतात, म्हणून दुसऱ्या घराबद्दल काहीही न बोलणं हाच पहिला नियम ठरतो.

आजीचा विषय मात्र भावनेने सुटला नाही, कागदाने सुटला. शनिवारी ती मुलीला विचारायची, “तुझ्या आईचे दागिने ही घालते का?” त्यामागची भीती घराची आणि सोन्याची होती, आणि ती अवास्तव नव्हती. फ्लॅट नवरा आणि पहिली बायको यांच्या नावावर निम्मा-निम्मा होता, मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे तिचा निम्मा हिस्सा नवरा आणि दोन मुलं यांच्यात समान जातो, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. नवऱ्याकडे एकूण दोन तृतीयांश झाले, मुलांकडे एक-एक षष्ठांश, आणि तो मुलांचाच राहतो. पुढे नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याचे दोन तृतीयांश बायको, दोन मुलं आणि त्याची आई अशा चौघांत समान वाटले जातील, प्रत्येकी एक षष्ठांश. शेवटी प्रत्येक मुलाकडे एक तृतीयांश, माईकडे आणि सासूबाईंकडे एक-एक षष्ठांश. हे कागदावर मांडून वकिलाकडून समजावून घेतल्यावर आजी पहिल्यांदा शांत बसली. उलट बाजूही आहे : माईची स्वतःची बचत आणि दागिने तिच्यामागे या सावत्र मुलांना मिळावेत असं तिला वाटत असेल, तर मृत्युपत्र लागेल, कारण कायद्याच्या पहिल्या क्रमात ‘मुलगा-मुलगी’ म्हणून सावत्र मुलं धरली जात नाहीत. पहिलीचे दागिने सोनाराकडून वजन करून घेतले, यादी केली, लॉकरमध्ये ठेवले, यादीची एक प्रत आजीकडे दिली. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी या सगळ्यांवरची नामनिर्देशनं नव्याने भरली, कारण त्यात अजून पहिलीचंच नाव होतं.

या पद्धतीला मर्यादा आहेत. मूल काही आठवडे नीट खात-झोपत नसेल, शाळेत जायला नकार देत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर वह्या आणि नियम बाजूला ठेवून बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८ ही मदत मिळण्याची ठिकाणं आहेत. आणि तुलनेच्या नावाखाली अपमान, पैशाची अडवणूक किंवा मारहाण होत असेल, तर तो जुळवून घेण्याचा प्रश्न राहत नाही. महिलांसाठी १८१ आहे.

पहिल्या भेटीनंतर १३ महिन्यांनी पुन्हा १४ दिवसांची वही लिहिली. ९ नोंदी. सासूबाईंच्या ५, पण त्यातल्या तीन वेळा सूनही त्यांच्यासोबत हसली होती. मुलीच्या ३. कुणी न बोललेली एक. नवऱ्याची एकही नाही.

नववी नोंद मात्र मोजायची कशी, हा प्रश्न तिला पडला आणि ती वही घेऊन आली. मुलगा आता ७ वर्षांचा आहे, त्याला आईचं काहीच आठवत नाही. शाळेत ‘माझी आई’ असा निबंध होता. त्याने माईला विचारलं, “आई वेणी घालायची का गं?” तिला माहीत नव्हतं. तिने दुसऱ्या खोलीतल्या मुलीला हाक मारली, आणि ती गोधडी ओढत येऊन भावाशेजारी बसली. ही तुलना धरायची की नाही? समुपदेशकाने ती मुलीच्या तीन नोंदींमध्ये मोजली आहे, आणि समोरचा ‘आधी काय घडलं’ हा रकाना प्रथमच माईने मुलीला भरायला दिला आहे.